रीसलिंग गोड का ड्राय? बाटली फोडायच्या आधी कसं कळतं (हॉटेल लाईनला नवीन असणाऱ्यांसाठी)

मी निपाणीकडचा, घरी ऊस. हॉटेल मॅनेजमेंट करून चोर्ला घाट उतरून गोव्याला एका हॉटेलात स्टुअर्ड म्हणून लागलो. आमच्या भागातली बरीच पोरं हल्ली तिकडं जातायत आणि वाईनच्या कार्डावर रीसलिंग ही पांढरी वाईन आली की सगळ्यांची तंतरते, म्हणून लिहितोय.

पहिल्याच सीझनला एका गेस्टनं सांगितलं, रीसलिंग द्या पण एकदम ड्राय. मी जर्मनीची, मोझेलची बाटली नेली, लेबलवर श्पेटलेझे लिहिलेलं, भारी नाव वाटलं. एक घोट घेतला आणि म्हणाले हे सरबत कुणी मागवलं? बाटली परत, वर मॅनेजरकडनं शिव्या, आणि मला तर कळेचना, कारण त्याच नावाची दुसरी बाटली आदल्या आठवड्यात खणखणीत ड्राय निघाली होती.

नंतर डोक्यात बसलं ते आमच्या उसामुळं. कारखान्यात रसाचा ब्रिक्स बघतात की, रसात साखर किती ते. जर्मनीत पण तसंच, काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे चढत्या क्रमानं, द्राक्ष तोडताना रसात साखर किती होती त्याचे दर्जे आहेत. बाटलीत किती उरली ते त्यात येतच नाही! तोडलेल्या उसाचा ब्रिक्स कळला म्हणून काहीलीतून गूळ किती निघाला ते थोडंच कळतं.

मधे यीस्ट असतं. ते साखर खातं आणि अल्कोहोल करतं, ढोबळ हिशोब असा की लिटरमागं साधारण १७ ग्रॅम साखर गेली की १ टक्का अल्कोहोल. आता समजा रसात लिटरला २०० ग्रॅम साखर होती. यीस्टला सगळी खाऊ दिली तर अल्कोहोल जवळजवळ १२ टक्के आणि वाईन ड्राय. पण वाईनवाल्यानं ८ टक्क्यांवर टाकी थंड करून, यीस्ट गाळून काम थांबवलं तर १३६ ग्रॅम गेली आणि ६४ ग्रॅम तशीच राहिली. म्हणजे द्राक्ष तेच, रस तोच आणि वाईन दोन. माझी परत आलेली बाटली ८ टक्क्यांची होती, आकडा लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात होता आणि मी बघितलाच नव्हता.

तर आधी तो आकडा बघायचा. ७ ते ९ असेल तर गोड धरून चाला, १२ च्या वर असेल तर बहुतेक ड्राय. मधले १०-११ वाले घोळाचे असतात, तिथं शब्द बघायचे. ट्रॉकन म्हणजे ड्राय, त्यात साखर लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम. हाल्बट्रॉकन अर्धवट ड्राय. फाइनहेर्ब पण त्याच्याच आसपासचं पण त्याला कायद्यात ठरलेला आकडा नाही, त्यामुळं बाटलीगणिक फरक. आणि श्पेटलेझेच्या शेजारी ट्रॉकन लिहिलेलं असेल तर ती ड्रायच, घाबरायचं नाही.

१२ च्या नियमाला पण एक फट आहे. द्राक्षात साखर मुळातच जास्त असली तर १३ टक्के होऊनही थोडी गोडी उरते, फ्रान्सच्या अल्सासकडं असं होतं. तिथं २०२१ च्या हंगामापासून लेबलवर गोडी लिहिणं सक्तीचं केलंय, सेक म्हणजे ड्राय आणि डू म्हणजे पूर्ण गोड. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीची असेल तर बहुतेक ड्रायच असते. काही बाटल्यांच्या मागच्या बाजूला ड्राय ते स्वीट अशी पट्टी छापून त्यावर खूण केलेली असते, ती असली तर सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि तीच दाखवा.

एक गोष्ट जिभेवरची. रीसलिंग आंबट असते आणि आंबटपणा साखर लपवतो. लिंबू सरबतात चार चमचे साखर घातली तरी गोड-गोड लागत नाही, तेवढीच नुसत्या पाण्यात घातली तर पाक. त्यामुळं ९ ग्रॅमवाली पण तोंडाला एकदम कोरडी लागू शकते, आणि गेस्ट ड्राय म्हणतो तेव्हा त्याला साखर शून्य पाहिजे का नुसती गोडी नको ते विचारून घ्यावं लागतं.

त्या दिवशी नंतर मी १२.५ टक्क्यांची ट्रॉकन नेली. साहेब खूश. पण बाईसाहेबांनी ती परत चाललेली बाटली थांबवली, त्यांनी तिखट खेकडा मागवला होता आणि त्याच्यासंगं त्यांना तीच आवडली, बिलात दोन्ही लागल्या.