रुजू फेब्रुवारीत, बिऱ्हाड मे महिन्यात

पुण्यात राहताना बंगळुरूच्या नोकरीची ऑफर आली, पण मुलांच्या परीक्षेमुळे लगेच हलता येत नसेल, तर रिक्रूटरकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागू नका. जागा तातडीने भरायची असेल तर तिथेच नकार येतो. रुजू वेळेवर व्हा, स्थलांतराची तारीख तेवढी वेगळी मागा. हे ऑफर स्वीकारण्याआधीच बोला, नंतर जोर उरत नाही.

मेलमध्ये नेमकं लिहा: "१ फेब्रुवारीला रुजू होतो. मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे, म्हणून १५ मेपर्यंत पुण्यातून काम करेन, दरमहा एक आठवडा ऑफिसला येईन."

रिक्रूटर फोनवर "होऊन जाईल" म्हणतो, पण निर्णय मॅनेजरचा असतो. म्हणून तारीख ऑफर लेटरमध्येच घालून घ्या. सामान हलवण्याच्या भत्त्याची मुदत बहुधा रुजू तारखेपासून मोजतात. ती स्थलांतरापासून धरायला सांगा, नाहीतर मे महिन्यातलं ट्रकचं बिल नामंजूर होऊ शकतं.