गाणं ऐकून उतरवताय? या चुका टाळा

गाणं ऐकून लिहिणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे गायकाची तान वहीत उतरवणं. चाल स्वर लांबवते आणि आपण त्याला दीर्घ समजतो.

उदाहरणासाठी एक ओळ रचतो. कानाला ती अशी ऐकू येते: ‘फूऽलांच्याऽ वाटे वरीऽ तू नीऽ मी, डोळ्यात दऱ्या दाटला.’ घाईत बहुतेक जण ‘फूलांच्या वाटे वरी तू नी मी’ असंच लिहून मोकळे होतात.

आता एकेक शब्द घेऊ. ‘फूल’ दीर्घ, कारण शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीचा उकार मराठीत सहसा दीर्घ असतो. पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: फुलांच्या, फुलाला. गायकाने ‘फू’ चार मात्रा ओढला तरी लिहायचं ‘फुलांच्या’च. ‘वाटेवरी’ एकच शब्द. मधे गायकाने श्वास घेतला, म्हणून तो तुटत नाही. ‘आणि’ या अर्थाचा ‘नि’ कायम ऱ्हस्व. एरवी मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात, म्हणून इथे हात हमखास चुकतो.

पुढची अर्धी ओळ जास्त फसवी आहे. व्हिडिओत खाली अनेकदा रोमन अक्षरं येतात, `dolyat darya datla` अशी. त्यावरून लिहिणं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. त्यात ळ नाही, अनुस्वार नाही, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र की ‘दऱ्या’ म्हणजे खोल घळी, तेही कळत नाही. कान साथ देईना तर क्रियापद बघा. ‘दाटला’ एकवचनी पुल्लिंगी आहे, म्हणजे ‘दर्या’च, ‘दऱ्या’ असत्या तर ‘दाटल्या’ आलं असतं. अनुस्वाराचा निर्णयही अर्थावरच. दोन्ही डोळे असतील तर ‘डोळ्यांत’. हा अनुस्वार गाण्यात जवळजवळ ऐकूच येत नाही.

‘ऱ्या’ टाइप करताना एक छुपी गंमत आहे. काही कळफलक त्यासाठी ऱ (U+0931) वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. एका फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा.

ऐकताना वेग 0.75 वर ठेवला की शब्दांच्या कडा सुट्या होतात. त्याहून कमी केला तर स्वर इतके पसरतात की ला, ना, रा सगळं सारखंच वाटायला लागतं. त्यापेक्षा तेच कडवं दुसऱ्यांदा येतं तिथे ऐकून बघा. तिथे वाद्यं कमी असतील तर अडलेला शब्द सुटतो.

एक अपवाद. रचना वृत्तबद्ध असेल आणि कवीने मात्रांसाठी मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं असेल, तर ते ‘दुरुस्त’ करू नका. पद्यात एवढी सूट लेखनाचे नियमच देतात. छापील संहिता मिळाली तर तीच प्रमाण धरा.