फोटोतून आलेलं टकरीचं गणित कसं सोडवावं

परवा रात्री भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका गणिताचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, माझं उत्तर ९ येतंय, मागे ५ दिलंय. कुठे चुकलं?" पुस्तक गादीवर उघडं होतं, पान कडेला वळलेलं, आणि ट्यूबलाइटची चमक नेमकी आकृतीवर पडलेली. मजकूर मात्र वाचता येत होता:

"घर्षणरहित सरळ रुळावर ५०० ग्रॅमची गाडी A ४ मी/से वेगाने उजवीकडे जात आहे. ३०० ग्रॅमच्या गाडी B चा वेग २ मी/से आहे (आकृती पाहा). टकरीनंतर A ही ०.२ मी/से वेगाने उलट दिशेने परत जाते. B चा वेग काढा. ही टक्कर स्थितिस्थापक आहे का?"

हेच गणित धरून पुढे जाऊ. अकरावीच्या मुलांच्या तोंडी मोमेंटम, इलॅस्टिक हेच शब्द असतात. मी संवेग आणि स्थितिस्थापक म्हणेन.

आधी फोटो कागदावर उतरवा

फोटोकडे बघत थेट आकडेमोड करू नका. कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढा, दोन चौकोन काढा आणि प्रत्येकावर वस्तुमान व वेगाचा बाण लिहा. टकरीआधीचं एक चित्र, नंतरचं एक. जो बाण फोटोत दिसत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. भाचीने हेच केलं नव्हतं. चमकेखाली B चा बाण पुसट झाला होता आणि तिने तो उजवीकडे आहे असं धरून टाकलं.

मग दिशा ठरवा. उजवीकडे धन, डावीकडे ऋण, आणि हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. वेगाला चिन्ह लावायचं ते इथेच, एकदाच. "परत जाते" याचा अर्थ A चा नंतरचा वेग −०.२. ग्रॅमचे किलोग्रॅम करून घ्या, नाहीतर पुढे ऊर्जा ज्यूलमध्ये येणार नाही.

संवेगाचं समीकरण

रूळ घर्षणरहित आहे, म्हणून दोन्ही गाड्या मिळून पाहिलं तर बाहेरून आडवं बल काही लागत नाही. A ने B ला जितकं ढकललं तितकंच B ने A ला उलट ढकललं. त्यामुळे एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यांची बेरीज, टकरीआधी जितका तितकाच नंतर. u हा टकरीआधीचा वेग, v नंतरचा:

```
mA·uA + mB·uB = mA·vA + mB·vB
```

टक्कर कुठल्याही प्रकारची असो, हे समीकरण लागू पडतं. म्हणून सुरुवात इथूनच करायची. पुष्कळ मुलं स्थितिस्थापक टकरीची पाठ केलेली सूत्रं आधी वापरतात. या गणितात त्या सूत्रांनी A चा नंतरचा वेग −०.५ येतो, आणि गणितात तर −०.२ दिलेला आहे. जे सिद्ध करायला सांगितलंय तेच गृहीत धरल्यावर असं होतं.

भाचीने uB = +२ घेतला होता. तिचं समीकरण असं:

```
०.५×४ + ०.३×२ = ०.५×(−०.२) + ०.३×vB
२.६ = −०.१ + ०.३·vB
vB = ९ मी/से
```

आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी उत्तर चूक आहे. पुस्तकाचं मागचं पान न उघडता हे ओळखता येतं. गतिज ऊर्जा काढून बघा. टकरीआधी A ची ४ ज्यूल आणि B ची ०.६, मिळून ४.६ ज्यूल. नंतर B एकट्याची ऊर्जा ½×०.३×८१, म्हणजे १२ ज्यूलच्या वर! गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग नाही, फटाका नाही. ही जास्तीची ऊर्जा आली कुठून? टकरीनंतर गतिज ऊर्जा वाढलेली दिसली की पहिला संशय चिन्हावर घ्यायचा.

मी तिला दिवा बंद करून, पान सपाट धरून पुन्हा फोटो काढायला लावला. B चा बाण डावीकडे होता. आता uB = −२:

```
०.५×४ + ०.३×(−२) = ०.५×(−०.२) + ०.३×vB
१.४ = −०.१ + ०.३·vB
vB = ५ मी/से
```

उत्तर धन आलं, म्हणजे B आता उजवीकडे जातेय. डावीकडून उजवीकडे वळली ती समीकरणातूनच वळली, आपल्याला वेगळा विचार करावा लागला नाही.

स्थितिस्थापक आहे का?

टकरीनंतर A ची गतिज ऊर्जा ½×०.५×०.०४ = ०.०१ ज्यूल, B ची ½×०.३×२५ = ३.७५ ज्यूल. बेरीज ३.७६. आधी होती ४.६०. म्हणजे ०.८४ ज्यूल कमी झाली. ती उष्णता, आवाज आणि गाड्यांच्या विरूपणात गेली. टक्कर स्थितिस्थापक नाही.

मला दुसरी वाट जास्त आवडते, कारण तिथे वर्ग करावे लागत नाहीत. टकरीआधी गाड्या एकमेकींकडे किती वेगाने येत होत्या? ४ − (−२) = ६ मी/से. नंतर एकमेकींपासून किती वेगाने दूर गेल्या? ५ − (−०.२) = ५.२ मी/से. या दोन्हींचं गुणोत्तर e = ५.२ ÷ ६, सुमारे ०.८७. e बरोबर १ आला तर टक्कर स्थितिस्थापक, ० आला तर गाड्या चिकटून एकत्र गेल्या, मधला आला तर अस्थितिस्थापक. न्यूटनने लंबकाला टांगलेले गोळे आपटवून हेच गुणोत्तर मोजलं होतं. काचेच्या गोळ्यांना त्याला १५/१६ मिळालं, घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांना जवळपास ५/९. आपल्या गाड्या या दोन्हींच्या मध्ये बसतात.

इथे एक अडचण येते. समजा e ०.९९ आला, तर? दिलेले आकडे जवळच्या सोप्या आकड्यावर आणलेले असतात, तेव्हा आधी बघा की तो फरक त्यातून येऊ शकतो का. आपल्या गणितात A चा ०.२ हा आकडा खरा ०.१५ ते ०.२५ यांच्यामध्ये कुठेही असला, तरी e साधारण ०.८४ ते ०.८९ राहतो. १ पर्यंत तो पोचत नाही, म्हणून "अस्थितिस्थापक" हे उत्तर पक्कं.

ही तपासणी कुठे कमी पडते

ऊर्जेला खालचीही मर्यादा आहे. दोन्ही गाड्या चिकटल्या असत्या तर त्यांचा वेग १.४ ÷ ०.८ = १.७५ मी/से झाला असता आणि ऊर्जा सुमारे १.२ ज्यूल उरली असती. याहून कमी ऊर्जा उरूच शकत नाही, कारण संवेग तर टिकवायचाच आहे. म्हणून नंतरची ऊर्जा १.२ आणि ४.६ यांच्या मधेच यायला हवी. आपली ३.७६ तशी येते.

पण सगळ्या चुका यात सापडत नाहीत. धूसर फोटोत ३०० चा ८०० वाचला गेला असता तर B चा वेग ०.६२५ आला असता. ऊर्जा कमी झालेली, e सुमारे ०.१४, B ही A पासून दूर जातेय. सगळं नियमात बसणारं, आणि तरी चूक. वस्तुमानाचा असा घोळ संवेगाच्या समीकरणातही दिसत नाही, ऊर्जेच्या हिशेबातही नाही. त्यामुळे ३, ८ आणि दशांशचिन्ह हे तीन मी फोटो मोठा करून स्वतः बघते, आणि तरीही शंका राहिली तर फोन करून आकडे वाचून दाखवायला सांगते.