वडोदऱ्यातील वारसाच्या घरावरचा हक्क सोडताना: २०० रुपयांचा स्टॅम्प कधी आणि बाजारभावाची ड्युटी कधी

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांची आजची स्थिती साधारण सारखीच असते. घर आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर, राहतो एक भाऊ, बाकीची भावंडे पुण्याला, मुंबईला नाहीतर परदेशात. मग कुणीतरी म्हणते, "आम्हाला काही नको, तुझ्या नावावर करून घे." वडोदऱ्यात याला सगळे 'हक कमी करणे' म्हणतात. आपण त्याला हक्कसोडपत्र म्हणू. ते नीट केले तर २०० रुपयांच्या स्टॅम्पवर होते. वारसांची यादी, मालमत्तेचा इतिहास किंवा दस्तातला मजकूर चुकला, तर सोडलेल्या हिश्शाच्या बाजारभावावर विक्रीखतासारखी ड्युटी लागू शकते.

एक उदाहरण घेऊ. आजोबांनी बांधलेले घर वडिलांकडे आले आणि वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दादा आणि धाकटा भाऊ आहेत. ताई वडिलांच्या आधीच वारली, तिला एक मुलगा आणि एक मुलगी. जंत्रीप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, घराची किंमत ८० लाख रुपये आहे. घरात राहणाऱ्या धाकट्याच्या नावे ताईची मुले आपला हिस्सा सोडणार आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून आई, दादा, धाकटा आणि ताईची शाखा यांचे चार समान हिस्से धरू. म्हणजे ताईच्या मुलांचा मिळून चौथा हिस्सा, २० लाखांचा. प्रत्येकाचा १० लाखांचा.

आधी मृत्यूच्या तारखा लावा

वकिलाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर कुटुंबातल्या प्रत्येक मृत व्यक्तीची तारीख लिहा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सगळ्यात जास्त दस्त इथेच फसतात.

ताई वडिलांच्या आधी गेली असेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे तिची मुले थेट त्यांच्या आजोबांचे, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या वडिलांचे, वारस होतात आणि जावयाचा त्यात हिस्सा येत नाही. ती वडिलांच्या नंतर गेली असेल, तर वडील वारले त्या दिवशीच तिचा हिस्सा तिच्या मालकीचा झाला होता. तिच्यामागे तो मुलांना आणि नवऱ्यालाही जातो, म्हणजे दस्तावर जावयाची सहीसुद्धा हवी. "भाऊजींचा काय संबंध?" असे म्हणून त्यांना वगळले, तर त्यांचा हिस्सा सुटतच नाही, आणि दहा वर्षांनी घर विकताना खरेदीदाराचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो.

तारखा लागल्या की पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करून घ्या. तलाटी प्रतिज्ञापत्र आणि पंचांचे जबाब घेऊन तो करतो. लग्न झालेल्या मुली, वारलेल्या मुली आणि त्यांची मुले, सगळ्यांची नावे त्यात आलीच पाहिजेत. 'हक सोडणारच आहे, मग नाव कशाला?' हा विचार साफ चुकीचा आहे. ज्याचे नाव वारस म्हणून लागलेलेच नाही, त्याने काय सोडले हे दाखवणार कसे? म्हणून सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डवर आधी सर्व वारसांची वारसाई नोंद करा आणि मग हक्क सोडा.

२०० रुपयांची सवलत कुणाला

गुजरात स्टॅम्प कायदा, १९५८ मध्ये हक्कसोडीचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जवळच्या नात्यात सोडला जातो: भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आई, वडील, पती किंवा पत्नी. यासाठी ठरावीक २०० रुपये. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारणेने वारलेल्या मुलीच्या वारसांनाही हाच दर मिळाला. आपल्या उदाहरणातली भाचे मंडळी त्यात बसतात, आणि वडोदऱ्यातल्या अनेक कुटुंबांची अडलेली कामे यामुळेच आता करता येतील.

दुसऱ्या प्रकारात बाकीचे सगळे. तिथे सोडलेल्या हिश्शाच्या बाजारभावावर विक्रीच्या दराने ड्युटी लागते. गुजरातेत तो दर अधिभारासह ४.९ टक्के आहे. २० लाखांच्या हिश्शावर ते ९८,००० रुपये होतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ड्युटी पूर्ण ८० लाखांवर लागत नाही, सोडलेल्या हिश्शावरच लागते. दस्तात हिस्सा स्पष्ट लिहिला नसेल, तर तो मुद्दा आपण स्वतःच अवघड करून ठेवतो.

खरा वाद 'वडिलोपार्जित' या शब्दावर होतो. आजोबांचे घर असेल तर प्रश्न कमी येतात. वडिलांनी स्वतःच्या पगारातून कारेलीबागेत टेनामेंट घेतले असेल, तर मुलांना ते वारशाने मिळाले हे खरे, पण हिंदू कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते वडिलोपार्जित नाही, असा आक्षेप येऊ शकतो. अशा वेळी माझा आग्रह असा की अंदाजाने २०० चा स्टॅम्प लावून मोकळे होऊ नका. कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे सही न केलेला मसुदाही स्टॅम्प ड्युटी मूल्यांकनाच्या डेप्युटी कलेक्टरकडे देऊन योग्य ड्युटी किती, हे लेखी ठरवून घेता येते. थोडे दिवस जातात, पण नंतर कमी ड्युटीची नोटीस आणि दंड यांची टांगती तलवार राहत नाही.

मसुद्यात काय लिहायचे

पहिल्या परिच्छेदात मालमत्ता कुणाकडून कुणाकडे आली ते वर्षांसकट लिहा: आजोबांनी कधी घेतली, वडिलांच्या नावे नोंद कधी झाली, वडील कधी वारले, वारस कोण. वडिलोपार्जितपणा सिद्ध करणारा हाच मजकूर. नुसते 'आमची वडिलोपार्जित मिळकत' एवढे लिहून भागत नाही.

मग हक्क कुणाच्या लाभात सोडला ते लिहा. 'सर्व सहहिस्सेदारांच्या लाभात' म्हटले, तर भाच्यांचा चौथा हिस्सा आई, दादा आणि धाकटा या तिघांत वाटला जाईल आणि प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश होईल. 'फक्त धाकट्याच्या लाभात' लिहिले, तर धाकट्याचा हिस्सा अर्धा होईल, आई आणि दादाचा चौथा चौथाच राहील. कुटुंबाच्या मनात एक आणि कागदावर दुसरे, असे इथे फार वेळा घडते. म्हणून सही करण्याआधी दस्तानंतरचे हिस्से अपूर्णांकात लिहून सगळ्यांना दाखवा.

हक्क फक्त सहहिस्सेदाराच्याच लाभात सोडता येतो. धाकट्याच्या बायकोच्या किंवा मुलाच्या नावे थेट हक्कसोड होत नाही, कारण त्यांचा त्या घरात आज हिस्सा नाही. तसा दस्त बक्षीसपत्र किंवा हस्तांतर ठरतो आणि ड्युटी बदलते.

आता पैशांचा मुद्दा. धाकटा भाच्यांना मोबदला देणार असेल, तर तो लपवून 'प्रेमाखातर' लिहू नका. बँकेतून पैसे गेलेले दिसतात. मोबदला घेऊन सोडलेला हक्क विक्रीच मानला जाण्याची शक्यता असते, आणि आयकरातही हक्क सोडणे हे हस्तांतर असल्याने मोबदला घेणाऱ्याला भांडवली नफ्याचा हिशेब द्यावा लागतो. मोबदला असेल तर ड्युटीचा प्रश्न मसुदा दाखवूनच सोडवा.

भाच्यांपैकी कुणी १८ वर्षांखालील असेल, तर थांबा. त्याच्या वडिलांना पालक म्हणून परस्पर सही करता येत नाही. अज्ञानाचा हिस्सा सोडायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. आणि आईवडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरातला 'पुढे मिळणारा' हक्क मुलीकडून आधीच लिहून घेण्याची पद्धत निरर्थक आहे. जो हक्क अजून जन्मलाच नाही, तो सोडता येत नाही.

स्टॅम्प आणि नोंदणी

१ ऑक्टोबर २०१९ पासून गुजरातेत कागदी स्टॅम्प पेपर बंद आहेत, त्यामुळे ई-स्टॅम्प घ्या. पुण्यातल्या भाचीने तिथेच महाराष्ट्राच्या स्टॅम्पवर दस्त केला तर तो इथे चालणार नाही. घर वडोदऱ्यात आहे, म्हणून ड्युटी गुजरातची आणि नोंदणी घराच्या हद्दीतल्या सब रजिस्ट्रारकडे. garvi.gujarat.gov.in वर माहिती भरून वेळ घ्या. नोंदणी फी आणि पानांचा खर्च स्टॅम्पपेक्षा वेगळा असतो. सोबत मृत्यूचे दाखले, पेढीनामा, प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती, सगळ्यांची ओळखपत्रे आणि दोन साक्षीदार हवेत.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. हक्क सोडणाऱ्याने स्वतः हजर राहिलेले केव्हाही चांगले. नोटरीकडे केलेले संमतिपत्र किंवा प्रतिज्ञापत्र हा पर्याय नाही. १०० रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडणारा लेख नोंदवणे बंधनकारक आहे. नोटरीच्या कागदावर कदाचित दप्तरी नाव कमी झालेही असेल, पण त्याने मालकी सुटत नाही, आणि कर्ज देताना बँक ते मान्य करेलच असे नाही.

नोंदणीनंतर इंडेक्सची प्रत घेऊन सिटी सर्व्हे कार्यालयात फेरफार नोंदीचा अर्ज करा. शेतजमीन असेल तर नोंद हक्कपत्रकात होते आणि जमीन महसूल कायद्याच्या कलम १३५-ड ची नोटीस संबंधितांना जाते. नोंद प्रमाणित झालेली प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. घरपट्टीवरचे नाव महानगरपालिकेत वेगळ्या अर्जाने बदलते, पण त्या नावाने मालकी ठरत नाही.

सही करणाऱ्यासाठी

नोंदवलेले हक्कसोडपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. धाकट्याने राजीखुशीने हिस्सा परत द्यायचे ठरवले तरी तो नवा दस्त असेल आणि त्याची ड्युटी त्याच्या प्रकाराप्रमाणे पुन्हा लागेल. म्हणून मसुदा सही करणाऱ्याच्या भाषेत वाचून दाखवा. वडोदऱ्यात दस्त बहुधा गुजरातीत असतो आणि पुण्यात वाढलेल्या भाचीला ती लिपी वाचता येत नाही. तिला मराठी प्रत आधी पाठवा आणि मूळ दस्तात 'मजकूर मराठीत समजावून दिला' हे वाक्य घाला.

विधवा आईने आपला चौथा हिस्सा मुलांच्या नावे सोडावा, असा आग्रह कुणी धरला तर मी तिला तो सोडू नको असेच सांगेन. मुलांना द्यायचाच असेल तर तिने मृत्युपत्र करावे. ते तिला हयातीत कधीही बदलता येते, त्याला स्टॅम्प ड्युटी लागत नाही आणि राहत्या घरातला तिचा मालकी हक्क शेवटपर्यंत तिच्याकडेच राहतो.