स्प्रेडची परवानगी मागणारं पत्र लिहायच्या आधी काय काय जमवायचं

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला असलेल्या दोघातिघांनी मला गेल्या महिन्यात एकच गोष्ट विचारली, की ब्रोकरला ते स्प्रेडचं पत्र तू नक्की काय लिहिलंस. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. आधी एक स्पष्ट करतो, एक्स्चेंजच्या नियमात स्प्रेडची अशी वेगळी परवानगी नसते, एफ अँड ओ सेगमेंट चालू झालं की झालं. पण माझा ब्रोकर स्वतःच्या रिस्क पॉलिसीनं नवीन माणसाला फक्त ऑप्शन विकत घ्यायला देतो, विकायचं बंद ठेवतो, आणि स्प्रेड म्हणजे एक ऑप्शन घेऊन त्याच्या जोडीला दुसरा विकणं, त्यात एक पाय विकायचा असतोच. तो उघडून घ्यायला लेखी अर्ज द्यावा लागतो, त्यात तुम्हाला काय कळतं आणि आजवर काय केलंय ते लिहायचं.

माझं पहिलं पत्र परत आलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, तीन वर्षं मार्केट बघतोय, ऑप्शनची चांगली माहिती आहे, स्प्रेडमध्ये तोटा मर्यादित असतो म्हणून परवानगी द्यावी. शाखेतल्या मॅनेजर सरांनी बोलावून घेतलं, पत्र पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "बसा की. तोटा मर्यादित म्हणताय ते बरोबर हाय, खरं कधी मर्यादित राहत नाही ते सांगा बघू." मला सांगता आलं नाही. दुसरं पत्र मी त्या एका प्रश्नाभोवती लिहिलं, आणि तयारी करायची तर ती तिथूनच सुरू करा असं माझं मत आहे, डिग्री आणि कोर्सची सर्टिफिकेटं नंतर.

तरी कागद आधी जमवा कारण त्यात दिवस जातात. उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणजे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट नाहीतर पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, आयटीआरची पावती, डीमॅटमधले शेअर असतील तर होल्डिंग स्टेटमेंट, यातलं ब्रोकर मागेल ते. आपल्याकडं एक खास भानगड आहे. 2014 च्या नोव्हेंबरात शहराचं नाव बेळगावचं बेळगावी झालं, पण माझ्या जुन्या बँक पासबुकावर Belgaum आहे, आधारवर Belagavi, आणि आडनावाचं स्पेलिंग पॅनवर एक तर आधारवर दुसरं, कारण आधारचं कन्नडवरून आलंय. पत्त्यातल्या फरकावर कुणी अडवलं नाही, नावातल्या फरकावर अडवलं. सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर बघा, पॅनवर आहे तेच अर्जात लिहा, आणि आधार दुरुस्तीला टाकायचं असेल तर पत्राच्या आधी टाका.

आता अनुभवाचा भाग. इथं फुगवून लिहायचा मोह होतो. मी तसं केलं नाही. 14 महिन्यांत मी फक्त ऑप्शन विकत घेण्याचे 62 सौदे केले होते आणि खर्च धरून 38,000 रुपये घालवले होते. ते तसंच लिहिलं, ब्रोकरचं टॅक्स पी अँड एल जोडलं. घरच्यांना वाटलं एवढा तोटा दाखवला तर परवानगी कोण देणार. पण सौदे ब्रोकरच्याच खात्यात झालेत, त्यांना सगळं दिसतंय, लपवून काय मिळणार. आणि सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या 93 टक्के लोकांचा तोटाच झालाय, त्यामुळं तोटा झाला यापेक्षा तो का झाला हे तुम्हाला कळलंय का, हे वाचणाऱ्याला बघायचं असतं. माझ्या 62 पैकी निम्म्याहून जास्त सौद्यांत निफ्टीची दिशा बरोबर होती, पण वेळ गेला तसा प्रीमियम विरघळत गेला. स्प्रेड मला त्यासाठीच पाहिजे होता, विकलेला पाय घेतलेल्या पायाची झीज भरून काढतो. पत्रातलं कारण हे असं, तुमच्याच सौद्यातून निघालेलं पाहिजे. आणखी एक, या सौद्यांचं उत्पन्न किंवा तोटा आयकरात धंद्यात धरतात, म्हणून पगारदार असलात तरी आयटीआर 3 भरावा लागतो. तो भरलेला असेल तर पावती जोडा, नसेल तर आधी सीएकडं जा.

कागदावर केलेले सौदे कागदावरचे म्हणूनच लिहा. मी चार महिने वहीत स्प्रेड मांडत होतो, शिफ्ट सुटली की साडेतीनच्या भावानं नोंद. नंतर लक्षात आलं की बंद होतानाचा शेवटचा भाव लिहून काही कळत नाही, कारण विकताना बायर जो देतो तो भाव मिळतो आणि घेताना सेलर जो मागतो तो. दूरच्या स्ट्राइकला या दोघांत तीनचार रुपयांचं अंतर सहज असतं, दोन पाय आत आणि दोन पाय बाहेर म्हणजे चार वेळा त्या अंतराचा साधारण अर्धा भाग तुमच्या खिशातून जातो. मग जुनी पानं सोडून शेवटचे दोनच महिने, खरे बिड आणि आस्क लिहून केलेले, पत्राला जोडले.

त्यानंतर एक सौदा पूर्ण सोडवून दाखवा, एकच, पण शेवटपर्यंत. मी हा दिला होता, तेव्हा निफ्टीचा लॉट 75 चा होता. निफ्टी 24,700 ला असताना 24,500 चा पुट 120 ला विकला आणि 24,300 चा पुट 60 ला घेतला. हातात 60 रुपये आले, म्हणजे लॉटला 4,500, आणि एक्स्पायरीला निफ्टी 24,500 च्या वर राहिला तर ते सगळे माझे. 24,440 ला ना नफा ना तोटा. 24,300 च्या खाली कितीही गेला तरी दोन स्ट्राइकमधल्या 200 रुपयांतून आलेले 60 वजा, म्हणजे 140 गुणिले 75, 10,500 रुपये तोटा आणि वर खर्च. इथपर्यंत कुणीही लिहितं. सरांचा प्रश्न इथून पुढं सुरू होतो.

तो 10,500 चा आकडा दोन्ही पाय जागेवर असतील तरच खरा. म्हणून पत्रात ऑर्डरचा क्रम लिहा: आत जाताना आधी 24,300 चा घ्यायचा आणि मगच 24,500 चा विकायचा, बाहेर पडताना उलटं, आधी विकलेला परत घ्यायचा आणि मग आपला घेतलेला विकायचा. क्रम चुकला तर मधल्या त्या एकदोन मिनिटांत तुम्ही उघडे ऑप्शन विकणारे असता, आणि स्प्रेड म्हणून मिळालेली मार्जिनची सवलत निघून जाऊन एकदम लाखाच्या पुढं मार्जिन लागतं. खात्यात तेवढे नसले तर शॉर्टफॉलचा दंड येतो. हे मी लिमिट ऑर्डरबद्दल लिहिताना जोडलं होतं, की एक पाय भरला आणि दुसरा भरला नाही तर पाच मिनिटं थांबून भरलेला पाय सोडून देईन, भावामागं धावणार नाही.

एक्स्पायरीच्या दिवसाचं वेगळं लिहा. सेबीनं ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानं एक्स्पायरीच्या दिवशी इंडेक्सच्या विकलेल्या ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिन लावलंय. ते प्रीमियमवर नाही, पूर्ण कॉन्ट्रॅक्टच्या किमतीवर. वरच्या सौद्यात 24,700 गुणिले 75 म्हणजे साडेअठरा लाख, त्याचे 2 टक्के सुमारे 37,000 रुपये. साडेचार हजार कमवायला बसलेला माणूस खात्यात अगदी मोजके पैसे ठेवून असेल तर त्या सकाळी अडकतो. म्हणून मी लिहिलं की एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी बाहेर, नाहीतर 40,000 जादा शिल्लक ठेवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यानं माझं पत्र पास झालं असं मला वाटतं, ते शेअरच्या ऑप्शनबद्दल. निफ्टीचा हिशोब एक्स्पायरीला रोखीत होतो. पण ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या शेअरच्या फ्युचर आणि ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे घ्यावे लागतात. समजा एक शेअर 1,000 ला आहे, लॉट 600 चा. 1,000 चा कॉल घेतला, 1,040 चा विकला, खर्च आला 14 रुपये, म्हणजे 8,400. माझ्या पहिल्या पत्राप्रमाणे जास्तीत जास्त तोटा 8,400. आता एक्स्पायरीला शेअर 1,022 वर बंद झाला. कागदावर 8 रुपये नफा आहे. पण 1,040 चा कॉल संपला आणि 1,000 चा कॉल जिवंत, म्हणजे तुम्हाला 600 शेअर 1,000 च्या भावानं घ्यायचेत, 6 लाख रुपये द्यायचेत, आणि दुसऱ्या दिवशी शेअर 980 ला उघडला तर तो तोटा त्या 8,400 च्या हिशोबात कुठंच नव्हता. 1,040 च्या वर बंद झाला असता तर दोन्ही पाय एकमेकांत वळते झाले असते, 1,000 च्या खाली असता तर दोन्ही संपले असते. धोका मधल्या त्या चाळीस रुपयांत आहे. तो येतोय हे आधी कळतं, कारण शेवटच्या चार दिवसांत घेतलेल्या इन द मनी ऑप्शनवर डिलिव्हरीचं मार्जिन रोज वाढत जातं. मार्जिन का वाढलं ते न बघता लोक नुसते पैसे टाकत बसतात.

मी पगारदार माणूस, माझ्याकडं 6 लाख पडून नाहीत. म्हणून पत्रात सरळ लिहिलं की मला शेअरवरच्या स्प्रेडची परवानगी नकोच, फक्त निफ्टी द्या, एका वेळी एकच लॉट, एका सौद्यात जास्तीत जास्त 11,000 चा धोका, आणि खात्यात दीड लाख, जे माझ्या पगारातून साठलेत, कर्जाचे नाहीत. मागणी अशी आखून दिली की समोरच्याला हो म्हणायला सोपं जातं. लांबी दीड पान, त्याहून मोठं नको. इंजिनिअर असल्याचं एकाच ओळीत लिहिलं, नोकरी आणि उत्पन्नाच्या माहितीत, कारण लेथवर टॉलरन्स सांभाळता येतो म्हणून मार्जिन सांभाळता येतं असं काही नाही.

पत्र इंग्रजीत टाइप केलं, कारण फाइल पुढं हेड ऑफिसला जाते. दोन प्रती काढल्या, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली, आणि ज्या ईमेलवर खातं आहे त्याच ईमेलवरून पीडीएफ पाठवली. सर पहिलं पान उलटून थेट शेअरच्या उदाहरणावर आले, पेन्सिलनं 1,022 खाली रेघ मारली आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं सर, तुम्ही विचारल्यावर शोधलं. आठ दिवसांनी निफ्टीच्या एका लॉटसाठी विकायचं उघडलं, शेअरचं अजून बंदच आहे आणि ते मी मागितलेलंही नाही.