बिलाचं टोटल दोन-चार पैशांनी जुळत नाही? आधी हे बघा

मोबाईलवर बिलाचा फोटो काढला, ॲपने त्यातले आकडे उचलून एक्सेलमध्ये टाकले, इथपर्यंत काम सोपं आहे. खरी डोकेदुखी पुढे, कारण सबटोटल, टॅक्स आणि ग्रँड टोटल जुळत नाही आणि फरक निघतो एका पैशाचा. आता आकडा चुकीचा वाचला गेला की बिलच तसं आहे, हे ठरवायचं कसं भो?

धुळ्याच्या हार्डवेअर दुकानाचं एक नमुना बिल घेऊ. पीव्हीसी पाईप १६५५.१५, एल्बो २४३.७५, सोल्युशन १८८.६०, म्हणजे सबटोटल २०८७.५०. सीजीएसटी ९ टक्के १८७.८८, एसजीएसटी तेवढाच, राउंड ऑफ वजा ०.२५ आणि ग्रँड टोटल २४६३.

पहिली पायरी नुसती बेरीज. बी कॉलममध्ये सबटोटल, मग ओळीने दोन्ही टॅक्स, राउंड ऑफ आणि एफमध्ये ग्रँड टोटल ठेवा, नि हा फॉर्म्युला लावा:

```
=ROUND(B2+C2+D2+E2-F2,2)
```

बाहेरचा ROUND काढू नका, नाहीतर एक्सेल कधीकधी शून्याच्या जागी शून्याला चिकटलेला पण शून्य नसलेला आकडा दाखवतं आणि बरोबर बिलही चुकीचं ठरतं.

आपल्या बिलात उत्तर येतं ०.०१. ॲपने सगळं बरोबर वाचलंय तरी! कारण २०८७.५० चे ९ टक्के होतात १८७.८७५, दुकानाच्या सॉफ्टवेअरने आत तोच आकडा धरून टोटल २४६३.२५ काढलं आणि २५ पैसे उडवले, पण छापताना दोन्ही टॅक्स १८७.८८ असे वर ढकलून छापले. कागदावरचे आकडे तुम्ही जोडले की एक पैसा जास्त भरणारच. म्हणून बेरजेत एक-दोन पैशांचा फरक चालवून घ्या, त्याच्या वर गेला तर बिल बाजूला काढा.

दुसरी पायरी टक्केवारीची, म्हणजे सबटोटलवर टक्क्याने येणारा टॅक्स आणि छापलेला टॅक्स जुळतो का ते बघायचं, आणि इथे फरकाला सूट थोडी जास्त द्यावी लागते. काही दुकानांचं सॉफ्टवेअर टॅक्स प्रत्येक ओळीवर वेगळा काढतं, म्हणजे १४८.९६, २१.९४ आणि १६.९७, झाले १८७.८७. तेच सबटोटलवर काढला की १८७.८८. दोन्ही बरोबर. एका राउंडिंगला जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडे-तिकडे होतो, टॅक्स दोन आहेत, म्हणजे ओळीमागे एक पैसा आणि वर एक पैसा धरा. आपल्या तीन ओळींच्या बिलाला टॅक्सच्या बेरजेत चार पैसे सूट झाली. सगळ्या बिलांना सरसकट एक रुपयाची सूट देणारे बरेच जण आहेत, ते मला अजिबात पटत नाही, कारण मग राउंड ऑफच्या सगळ्या चुका त्यातून गुपचूप निघून जातात.

आणि राउंड ऑफमध्ये चूक होते ती बहुतेक वजाच्या चिन्हाची. ते चिन्ह इतकं बारीक छापलेलं असतं की स्कॅनमध्ये उडून जातं, त्यात थर्मल पेपरचं बिल जळगावच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं असेल तर विचारूच नका, अर्धं बिल काळं पडलेलं असतं. वजा उडाला तर आपल्या बिलात फरक येईल ०.५१, म्हणजे राउंड ऑफच्या दुप्पट आणि तो जुना एक पैसा. फरक दुपटीच्या आसपास दिसला की आधी चिन्ह बघायचं. रुपयाला राउंड केलेल्या बिलात राउंड ऑफ ५० पैशांच्या वर जात नाही, गेला तर तो आकडाच चुकीचा उचललाय.

फरक रुपयांत असेल तर तो राउंडिंगचा नाहीच. आपल्या बिलात वजा १८७.८७, म्हणजे तो जुना एक पैसा सोडला तर बरोबर १८७.८८ चा फरक आला तर एक टॅक्स उचलायचा राहिला. साधारण १८० आला, ज्याला ९ ने भाग जातो, तर दोन आकडे उलटे झाले असतील, २४६३ चे २६४३. सबटोटलच्या खाली हमाली किंवा भाडं लावलेलं असेल तर तेवढाच फरक दिसेल, त्याला वेगळा कॉलम द्या. तरी शंका राहिली तर बिलावरची अक्षरी रक्कम वाचा, आकडा पुसट झाला तरी ‘दोन हजार चारशे त्रेसष्ट’ हे शब्द सहसा चुकीचे वाचले जात नाहीत.

फरक मान्य केला तरी टॅक्सचा आकडा स्वतः दुरुस्त करू नका. दुकानदार त्याच्या रिटर्नमध्ये जो टॅक्स भरतो तोच तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतो, तुम्ही १८७.८८ चे १८७.८७ केले तर पुढे मॅचिंग करताना तोच पैसा परत आडवा येईल. बिलातले आकडे जसेच्या तसे ठेवा, उरलेला पैसा टॅलीत राउंड ऑफच्या लेजरला टाका.

बऱ्हाणपूरहून आलेल्या बिलाला मात्र हा सीजीएसटी-एसजीएसटीचा हिशोब लावू नका, ते मध्य प्रदेश, तिथून आयजीएसटी एकच लागतो १८ टक्के, आणि २०८७.५० वर तो नेमका ३७५.७५ येतो, अर्ध्या पैशाचा प्रश्नच नाही.