उन्हात उभ्या गाडीतलं पाणी: प्यावं की झाडाला घालावं?

मे महिन्यातलं लग्न. वणीहून परतल्यावर डिक्कीत लिटरच्या बारा शिश्यांचा खोका राहून गेला. गाडी अंगणात, वर सावली नाही, बाहेर 45 अंश. तीन दिवसांनी खोका सापडला तेव्हा काकू म्हणाल्या, "फेक ते, प्लास्टिक उतरलं असंल पाण्यात."

काकूंची शंका अगदीच चुकीची नाही. हिशेब मात्र करून पाहावा.

पहिलं काम, झाकण पाहा. सील तुटलेलं असेल, कुणी तोंड लावून प्यायलं असेल, तर ती शिशी थेट तुळशीला. तोंडातले जंतू कोमट पाण्यात वाढतात, आणि हा धोका प्लास्टिकपेक्षा जवळचा आहे.

सील शाबूत असेल तर शिशी उलटी करा. तळाशी त्रिकोणात 1 आकडा म्हणजे पेट प्लास्टिक. ते बनवताना अँटिमनी नावाच्या धातूचं संयुग वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरतो. गरमीत जास्त उतरतो.

आता दिवस मोजा. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने 2008 साली हे तपासलं. एका ब्रँडचं पाणी सलग 60 अंशांवर ठेवलं, तर अँटिमनी तिथल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे लिटरमागे 6 मायक्रोग्रॅमपर्यंत जायला 176 दिवस लागतात. 65 अंशांवर 38 दिवस, 80 वर जेमतेम सव्वादोन दिवस. आपल्या खोक्याला रोज सहा तास कडक ऊन लागलं असं धरा. तीन दिवसांचे झाले अठरा तास. पाणी 65 अंशांपर्यंत तापलं असं मानलं तरी पूर्ण एक दिवसही भरत नाही. ते पाणी प्यायला हरकत नाही. प्लास्टिकसारखा वास येईल, कारण तापलेल्या पेटमधून ॲसिटाल्डिहाइड सुटतं. इतक्या प्रमाणात तो चवीचा त्रास आहे, विष नव्हे. बेचव लागलं तर कूलरमध्ये ओता.

पण या आकड्यांत एक गोष्ट दिसते: शेवटचे दहा-पंधरा अंशच सगळा फरक करतात. म्हणून काचेखाली डॅशबोर्डवर पडलेली शिशी डिक्कीतल्या शिशीसारखी समजू नका. तिथे ऊन थेट लागतं. आठवडाभर तिथे राहिलेली, किंवा शिमग्यापासून सीटखाली लोळणारी शिशी मी तरी पीत नाही. शिशी वाकडी झाली असेल, तर विचारच नको. पेट साधारण 70 अंशांच्या पुढे मऊ पडतं.

कोल्ड्रिंकचं भांडण प्लास्टिकपेक्षा गॅसशी आहे. तापलेल्या बाटलीत दाब वाढतो, तळ फुगून बाटली डुलायला लागते. काचेची बाटली फुटूही शकते, ती गाडीत ठेवूच नका. प्लास्टिकची बाटली न हलवता बाहेर काढा, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत उभी ठेवा, आणि पुरती गार झाल्यावर झाकण तोंडापासून दूर धरून अर्धा आटा फिरवा. फुस्स थांबेपर्यंत पुढे फिरवू नका.